परीक्षा हॉलवर नेमकं काय काय न्यायचं? आणि ओळखपत्राची झेरॉक्स का चालत नाही?

कोयनाकाठची

मागच्या रविवारी धाकट्या भावाची भरतीची परीक्षा होती. आदल्या दिवशी गावाहून येताना एसटीत त्याचं पाकीट पडलं. मूळ आधार कार्ड त्यातच होतं. घरी आधारची एक जुनी कलर झेरॉक्स होती. ती रात्री कार्डाच्या आकारात कापून लॅमिनेट करून घेतली आणि पहाटे तो निघाला. हॉल तिकिटावर दिलेल्या वेळेच्या दीड तास आधी केंद्रावर हजर होता.

गेटवरच्या मॅडमनी कार्ड हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "ही झेरॉक्स आहे. मूळ कुठंय?" त्यानं पाकिटाचं सगळं सांगितलं. केंद्रप्रमुखांपर्यंत गेला, पण आत सोडलं नाही. दोन वर्षं अभ्यास करत होता हो. गेटबाहेर फूटपाथवर बसून मला फोन केला, तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

परीक्षेचं आणि केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणावर आरोप करायचा नाही. पण मला हे खरंच समजून घ्यायचंय. नंबर तोच, फोटो तोच, नाव तेच, मग कागद मूळ आहे की झेरॉक्स यानं काय फरक पडतो? आणि पुढच्या वेळी बरोबर काय काय द्यायचं?

तात्या_पंढरपूरकर

फार वाईट वाटलं वाचून. भावाला धीर द्या.

अमोल_घाटावरचा

ताई, हॉल तिकिटावरच्या सूचना पूर्ण वाचल्या होत्या का? एमपीएससीच्या प्रवेशप्रमाणपत्रावर स्पष्ट लिहिलेलं असतं की आधार, मतदान ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन किंवा स्मार्ट कार्डवालं ड्रायव्हिंग लायसन्स, यांपैकी एक मूळ आणि त्याची छायांकित प्रत सोबत आणायची. नुसती झेरॉक्स, कलर झेरॉक्स किंवा मोबाइलमधली कॉपी दाखवली तर प्रवेश नाही. 'कलर झेरॉक्स' हा शब्दसुद्धा आहे त्यात.

बँकेच्या आयबीपीएसला पण असंच, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. तिथं रेशन कार्ड आणि शिकाऊ लायसन्स चालत नाही. आमच्या रूमवरचा एक जण शिकाऊ लायसन्स घेऊन गेला होता, परत आला.

डिजिटल_बंडू

कायदा वेगळंच सांगतो. डिजिलॉकरमधलं कागदपत्र मूळ कागदपत्राच्या बरोबरीचं मानायचं, असा नियम केंद्र सरकारनं केलाय. २०१६ चे नियम आहेत, २०१७ मध्ये त्यात ही दुरुस्ती झाली. म्हणजे भावानं फोनवर डिजिलॉकर उघडून दाखवलं असतं तर त्यांना आत घ्यावंच लागलं असतं. लोकांना आपले हक्क माहीत नाहीत, हाच खरा प्रश्न आहे.

नेहा_परीक्षार्थी

@बंडू, नियम बरोबर आहे, पण फोन आत न्यायचाच नसतो ना! ओळख गेटवर एकदा बघतात आणि वर्गात बाकावर परत बघतात, सहीच्या वेळी. बाकावर फोन कुठून आणणार? आणि हॉल तिकिटावर सॉफ्ट कॉपी चालणार नाही असं छापलेलं असताना गेटवरच्या माणसाशी कायद्यावर वाद घालायला किती वेळ असतो आपल्याकडे?

डिजिटल_बंडू

वेळ नसतो हे मान्य. पण मग परीक्षा घेणाऱ्यांनी नियम बदलायला हवा. वाहतूक पोलीस डिजिलॉकरवर लायसन्स बघतात, तर परीक्षेच्या गेटवर का नाही? मी माझ्या मतावर ठाम आहे.

मीनलवहिनी

माझ्या मुलाची बारावीची परीक्षा आहे फेब्रुवारीत. त्याच्या आधारवर लहानपणचा फोटो आहे, ओळखू येत नाही. बोर्डाच्या परीक्षेला मूळ आधार नेलं नाही तर बसू देणार नाहीत का? खूप काळजी वाटतेय हा धागा वाचून.

अमोल_घाटावरचा

वहिनी, बोर्डाचं वेगळं असतं. तिथं कॉलेजनं दिलेलं हॉल तिकीट महत्त्वाचं. त्यावरच्या फोटोवर मुख्याध्यापकांचा किंवा प्राचार्यांचा शिक्का आणि सही आहे ना, तेवढं बघा. त्याची ओळख त्याच्या कॉलेजनंच पटवून दिलेली असते. इथं विषय भरतीच्या परीक्षांचा चाललाय, जिथं केंद्रावर उमेदवाराला कुणीच ओळखत नसतं. फोटोचं म्हणाल तर आधार अपडेट करून घ्याच, पुढं सीईटीला, नीटला लागेल.

निवृत्त_गुरुजी

कोयनाताई, मी शाळेत शिक्षक होतो आणि वीसेक वर्षं वेगवेगळ्या परीक्षांना समवेक्षक म्हणून बसलो, शेवटी दोनदा पर्यवेक्षकही होतो. तुमचा प्रश्न मला गेटच्या आतल्या बाजूनं माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्गात २४ उमेदवार. पेपरच्या आधी उत्तरपत्रिका वाटायच्या, बैठक क्रमांक बघायचे, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या आणि त्यातच प्रत्येकाची ओळख पटवायची. एका उमेदवाराला फार तर अर्धा-पाऊण मिनिट मिळतं. हातात कुठलं यंत्र नसतं. माझ्यासमोर तीन गोष्टी असतात: बाकावर बसलेला माणूस, हॉल तिकिटावरचा फोटो आणि ओळखपत्रावरचा फोटो.

आता हॉल तिकीट कसं असतं ते आठवा. बहुतेक मुलं ते नाक्यावरच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर काढतात. फोटो अंगठ्याच्या नखाएवढा आणि काळवंडलेला. त्यात ओळखपत्राचीही झेरॉक्स दिली, की माझ्यासमोर येतात दोन काळे चौकोन. कपाळ, केस, मिशीची रेघ, एवढंच दिसतं. त्या दोन चौकोनांत कुणीही बसू शकतो. किमान एक फोटो तरी स्वच्छ हवा, आणि तो मूळ कार्डावरच असतो.

एकदा एक मुलगा आला, हॉल तिकीट बरोबर, आधारची झेरॉक्स बरोबर. मूळ मागितलं तर म्हणाला, घरी राहिलं. चेहरा जुळतोय असंच मला वाटत होतं. पण हजेरीपटावर सही करताना तो एकदा हॉल तिकिटाकडे बघून मग सही करायला लागला. स्वतःची सही कुणी बघून करत नाही. मी सहज विचारलं, आईचं नाव काय? ते बरोबर सांगितलं. जन्मतारीख विचारली तर अडखळला. केंद्रप्रमुखांकडे नेलं तेव्हा कळलं की तो धाकटा भाऊ होता, थोरल्याच्या जागी आला होता. म्हणूनच आईचं नाव बरोबर आलं! मूळ कार्डावरचा रंगीत फोटो असता तर पहिल्याच नजरेत कळलं असतं, थोरल्याच्या भुवईवर व्रण होता. झेरॉक्समध्ये तो व्रण गेला होता.

कोयनाकाठची

गुरुजी, हे वाचून बरंच लक्षात आलं. पण माझ्या भावाची कलर झेरॉक्स होती, फोटो अगदी स्वच्छ होता. तिला काय हरकत?

निवृत्त_गुरुजी

बरोबर विचारलंत, मी अर्धंच सांगितलं.

मूळ कार्डावर कुणी दुसरा फोटो चिकटवला तर कागदाची कड हाताला लागते. लॅमिनेशन उचकटलेलं असलं तर तिरप्या उजेडात बुडबुडा दिसतो. खाडाखोड केली तर तिथला कागद विरलेला दिसतो. म्हणून तुमच्या भावाच्या गेटवरच्या बाई कडेवरून अंगठा फिरवत होत्या. आम्हालाही तसंच सांगितलेलं असायचं.

आता तेच फोटो बदललेलं कार्ड झेरॉक्स मशीनवर ठेवा. बाहेर येतो एक सपाट कागद. कड गेली, बुडबुडा गेला, शाईचा फरक गेला. मशीननं सगळ्या खुणा पुसून टाकल्या. पुन्हा वरून लॅमिनेशन केलं तर तपासायला काहीच उरत नाही. हे काळ्या झेरॉक्सला लागू, तितकंच कलरला लागू. कलरला तर जास्तच, कारण ती मूळ असल्यासारखी दिसते. तुमच्या भावानं काही चूक केलेली नाही, हे मला तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. पण गेटवर उभ्या असलेल्या माणसाला तो आणि तो डमी उमेदवार यांच्या हातातले कागद एकसारखेच दिसतात.

तात्या_पंढरपूरकर

गुरुजी, मग झेरॉक्स चालत नाही तर तीच झेरॉक्स आणायला का सांगतात? आमच्या पोरीच्या हॉल तिकिटावर 'छायांकित प्रत आणणे अनिवार्य' असं होतं. तेवढंच वाचून ती नुसती झेरॉक्स घेऊन निघाली होती. तिच्या काकूनं दारात अडवून मूळ कार्ड दिलं म्हणून बरं.

निवृत्त_गुरुजी

तात्या, घोळ तिथंच होतो. मूळ कार्ड माझ्या डोळ्यांसाठी, झेरॉक्स फायलीसाठी. मूळ बघून मी ते उमेदवाराला परत देतो. झेरॉक्स घेऊन इतर कागदांबरोबर वर पाठवतो. उद्या कुणी तक्रार केली, की अमक्याच्या जागी तमका बसला होता, तर त्या दिवशी काय दाखवलं गेलं याचा कागद हवा ना. मुलाखतीला किंवा कागदपत्र पडताळणीला तोच माणूस आला का, हेही त्यावरून बघता येतं. दोन्ही कागदांची कामं वेगळी आहेत, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

सह्याद्रीचा_वारा

पण स्वसाक्षांकित प्रत सगळीकडे चालते की आता. २०१५ पासून महाराष्ट्र सरकारनंच सांगितलंय, साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकाऱ्याकडे जायची गरज नाही, स्वतः सही करा. मग परीक्षेला का नाही? झेरॉक्सवर सही केली की जबाबदारी उमेदवाराची.

नेहा_परीक्षार्थी

@वारा, अर्ज करताना स्वसाक्षांकित चालतं, कारण पुढं कधीतरी मूळ कागद तपासणार असतात. परीक्षेच्या दिवशी जे तपासायचंय ते तिथंच, त्याच मिनिटाला. आणि जो डमी म्हणून आलाय तो झेरॉक्सवर सहीसुद्धा करेलच की! नीटच्या सूचनांमध्ये तर लिहिलेलं असतं की साक्षांकित केलेली असली तरी झेरॉक्स चालणार नाही, मोबाइलमधला फोटो पण नाही.

सह्याद्रीचा_वारा

पटलं. पडताळणी पुढं होणार की तिथंच, हा फरक मी लक्षात घेतला नव्हता.

पहिल्यांदाच

मी इथं नवीन आहे. जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर, डोमिसाइल, मार्कशीट हे सगळं मूळ न्यायचं का परीक्षेला? माझी जिल्ह्याबाहेर परीक्षा आहे आणि मूळ दाखले प्रवासात न्यायची भीती वाटते.

अमोल_घाटावरचा

नको नेऊस! ते कागदपत्र पडताळणीला लागतात, लेखी परीक्षेला नाही. हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, फोटो सांगितले असतील तर फोटो, आणि पेन. अपवाद दोनच. दिव्यांग उमेदवाराला लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर त्याची कागदपत्रं आणि परवानगी, आणि नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा.

रानजाई

नाव बदलण्यावरून माझं सांगते. लग्नानंतर मी आधारवर सासरचं नाव केलं आणि अर्ज भरताना दहावीच्या सनदेवरचं माहेरचं नाव टाकलं. कार्ड मूळ होतं, फोटो माझाच होता, तरी केंद्रावर थांबवलं, कारण हॉल तिकिटावर एक बाई आणि आधारवर दुसरी बाई! नशिबानं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र पिशवीत होतं, ते आणि त्याची झेरॉक्स दिली तेव्हा आत सोडलं. माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी लग्नाची पत्रिका दाखवत होती, ती ग्राह्य धरली नाही. राजपत्रातली नावबदलाची सूचनाही चालते. मैत्रिणींनो, अर्ज भरायच्या दिवशीच दोन्ही नावं शेजारी ठेवून बघा.

नेहा_परीक्षार्थी

+१ रानजाई. त्यातच अजून एक. काही जुन्या आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं जन्मवर्ष असतं. एसएससीला ओळखपत्रावर पूर्ण जन्मतारीख लागते आणि ती हॉल तिकिटाशी जुळावी लागते. नसेल तर जन्मतारखेचा दुसरा मूळ पुरावा न्यावा लागतो. माझ्या आधारवर वर्षच होतं, मी दहावीचं प्रमाणपत्र नेलं होतं आणि ते खरंच मागितलं.

आणि यूपीएससीवाल्यांनो, अर्जात ज्या ओळखपत्राचा नंबर दिलाय तेच मूळ न्या. आधारचा नंबर देऊन पॅन घेऊन जाऊ नका.

अमोल_घाटावरचा

कोयनाताई, आता खरा मुद्दा. तुमचा भाऊ वाचू शकला असता. एमपीएससीच्या सूचनांमध्ये ई-आधार चालतं, अटींसह. डाउनलोड केलेल्या ई-आधारवर नाव, पत्ता, लिंग, फोटो, जन्मदिनांक यांबरोबर आधार तयार झाल्याची तारीख आणि डाउनलोड केल्याची तारीख दिसली पाहिजे आणि फोटो सुस्पष्ट असून प्रिंट रंगीत हवी. या तारखा फोटोच्या कडेला उभ्या बारीक अक्षरांत असतात. दुकानदार कापून कार्ड करताना कधीकधी त्याच कापतो, म्हणून पूर्ण पान ठेवा, कापू नका.

दीड तास हातात होता. केंद्रासमोर झेरॉक्सचं दुकान असतंच. myaadhaar.uidai.gov.in वर जायचं, आधार नंबर टाकायचा (जुन्या झेरॉक्सवर होताच!), ओटीपी येतो, फाइल उतरते. फाइलला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. रूपाली, जन्म २००० असेल तर RUPA2000. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच. घाईत लोक इथं अडकतात, फाइल उघडत नाही म्हणून घाबरतात. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि उतरवताना 'मास्क्ड' ची खूण करू नका. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले येतात. मग नंबर जुळवायचा कसा?

सह्याद्रीचा_वारा

थांबा, थांबा. ई-आधारची रंगीत प्रिंट चालते आणि मूळ कार्डाची रंगीत झेरॉक्स चालत नाही? दोन्ही शाईनं छापलेले कागदच ना? गुरुजी म्हणतात खुणा पुसल्या जातात, तर प्रिंटवर तरी कुठल्या खुणा असतात?

निवृत्त_गुरुजी

हा प्रश्न आम्हीही पर्यवेक्षकांच्या बैठकीत विचारला होता.

फरक क्यूआर कोडचा आहे. ई-आधारची फाइल आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या डिजिटल सहीची असते आणि तिच्यातल्या कोडमध्ये नाव, जन्मतारीख यांबरोबर लहानसा फोटोही असतो. आधारच्या ॲपनं तो वाचला की मूळ फोटो पडद्यावर येतो. कुणी छापलेला फोटो बदलला तरी कोडमधला बदलता येत नाही. जुन्या कार्डांवरच्या कोडमध्ये फोटो नव्हता, आणि झेरॉक्समध्ये तो कोड इतका भरून येतो की वाचलाच जात नाही. डाउनलोडची तारीख ताजी असली तर एवढं कळतं की ज्याच्या नोंदणी केलेल्या मोबाइलवर ओटीपी आला, त्याच्याकडूनच हे नुकतं निघालंय.

सह्याद्रीचा_वारा

आणि केंद्रावर तो कोड खरंच कुणी वाचतं का?

निवृत्त_गुरुजी

माझ्या वर्गात मी कधी वाचला नाही. समवेक्षकाचाही फोन बाहेर ठेवलेला असतो. शंका आली तर केंद्रप्रमुखांकडे वाचता येतो, पण रोजच्या तपासणीत आम्ही तारखा आणि फोटोच बघायचो. म्हणून तुमची शंका पूर्ण खोडून काढता येत नाही मला.

डिजिटल_बंडू

म्हणूनच म्हणतो, गेटवर एक स्कॅनर ठेवा. कोड वाचला की मूळ काय आणि झेरॉक्स काय, वादच संपेल. झेरॉक्सवरचा कोड वाचला गेला तर त्यालाही आत घ्या.

निवृत्त_गुरुजी

बंडूभाऊ, शहरातल्या संगणकावरच्या परीक्षांना बोटांचे ठसे आणि फोटो घेतातच आता. पण तालुक्याच्या शाळेत, जिथं पेपरच्या वेळी लाइट जाते, तिथं शेकडो मुलांसाठी स्कॅनर चालवणार कोण? तरीही तुमची मागणी चुकीची नाही.

रानजाई

आमच्याकडे बाजारात प्लास्टिकचं चकचकीत आधार कार्ड छापून देतात, ते मूळ धरतात का?

नेहा_परीक्षार्थी

बाजारातून छापलेल्या पीव्हीसी कार्डाबद्दल प्राधिकरणानंच २०२२ मध्ये सावध केलं होतं, त्यात सुरक्षेच्या खुणा नसतात म्हणून. प्राधिकरणाच्या साइटवरून मागवलेलं पीव्हीसी कार्ड पोस्टानं घरी येतं, त्यावर होलोग्राम असतो. ते घ्या. दुकानातलं चकचकीत म्हणजे छापील झेरॉक्सच.

कोयनाकाठची

सगळ्यांचे आभार. अमोलभाऊंनी सांगितलेलं आज भावाबरोबर बसून करून बघितलं, आणि अडलं. त्याच्या आधारला बाबांचा जुना नंबर जोडलेला आहे आणि ते सिम चार वर्षांपूर्वीच बंद झालं. ओटीपी येणार कुठं? म्हणजे त्या दिवशी दुकान समोर असतं तरी उपयोग नव्हता. त्याला निदान आता वाटतंय की आपण काही सोपं करायचं विसरलो नव्हतो.

पुढची परीक्षा १८ दिवसांवर आहे.

अमोल_घाटावरचा

अरेरे. आधार सेवा केंद्रात जा, त्याचं बोट स्कॅन करून नवा नंबर जोडतील. उद्याच जा, नंबर लागू व्हायला काही दिवस जातात. दुसरं काही मूळ आहे का त्याच्याकडे? पॅन? मतदान कार्ड?

कोयनाकाठची

पॅन काढलेलं नाही. मतदान कार्ड आहे, मूळ आहे. पण त्यावर नाव 'प्रशांत' चं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं आहे. अर्जात H आहे, कार्डावर नाही. वडिलांचं नाव आणि आडनाव बरोबर आहे.

नेहा_परीक्षार्थी

एका अक्षरानं मी तरी कुणाला परत पाठवलेलं बघितलं नाही, पण बँकेच्या परीक्षांच्या सूचनांमध्ये नाव तंतोतंत जुळलं पाहिजे असं असतं. त्यावर एकट्यावर विसंबू नका.

निवृत्त_गुरुजी

माझ्या वर्गात असता तर मराठी नाव, वडिलांचं नाव, फोटो आणि सही बघून मी सोडलं असतं. दुसऱ्यानं काय केलं असतं ते मी सांगू शकत नाही. मतदान कार्ड मूळ न्याच, झेरॉक्ससह. दहावीची सनद मूळ न्या, नावाच्या स्पेलिंगसाठी. आधारचा नंबर लागू झाला तर ई-आधारची पूर्ण पानाची रंगीत प्रिंट. आणि पाकीट हरवल्याची पोलिसांकडे नोंद केली असेल तर तो कागदही ठेवा. त्या कागदावर कुणी प्रवेश देणार नाही, पण केंद्रप्रमुखांशी बोलताना हाताशी असावा.

कोयनाकाठची

केंद्रात जाऊन आलो. त्याच्या अंगठ्याचा ठसा चारदा घ्यावा लागला, शेतात काम करून रेघा झिजल्यात म्हणे. पाचव्यांदा तर्जनी लावली तेव्हा झालं. पावती मिळाली, मोबाइल त्याचा स्वतःचा.

गुरुजी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं लावून ठेवलंय. मूळ एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला, म्हणजे द्यायचं ते वेगळं आणि परत घ्यायचं ते वेगळं.

तात्या_पंढरपूरकर

ताई, पोरगं गेटमधून आत गेलं की इथं कळवा. वाट बघतोय.

पहिल्यांदाच

कुणाला माहीत आहे का, नवा नंबर लागू झाला हे कसं कळतं? माझंपण तेच करायचंय.